सहा महिन्यांनंतर: रिझनिंग मॉडेलला पायऱ्या शिकवण्याचा माझा खर्चिक हट्ट

नागपूरच्या कळमना बाजारातून संत्री बाहेर पाठवणाऱ्या आमच्या पेढीत गाडीभाड्याची बिले तपासण्यासाठी मी सहा महिन्यांपासून एआयचे रिझनिंग मॉडेल वापरतो. महिनाअखेरपर्यंत पुरावी अशी आगाऊ भरलेली रक्कम विसाव्या दिवशीच संपली, तेव्हा मी आधी मॉडेलला दोष दिला.

साध्या मॉडेलसाठी लिहिलेली दीड पानाची सूचना मी जशीच्या तशी वापरत होतो. तिच्यात अकरा पायऱ्या, दोन सोडवलेली उदाहरणे आणि ‘टप्प्याटप्प्याने विचार करून प्रत्येक टप्पा लिहा’ ही ओळ होती. साध्या मॉडेलला ही ओळ उपयोगी पडते, कारण त्याचा हिशेब लिहिता लिहिताच होतो. रिझनिंग मॉडेल मात्र उत्तरापूर्वी स्वतःच विचार करते आणि तो न दिसणारा विचारही उत्तराच्याच दराने आकारला जातो. वापराच्या तपशिलातील `reasoning_tokens` हा आकडा पाहिल्यावर उलगडा झाला: आतल्या विचाराचे पैसे मी देतच होतो, वर तोच हिशेब पुन्हा लिहून घेण्याचेही देत होतो.

पैशांपेक्षा जास्त खटकली ती हॉल्टिंगची, म्हणजे गाडी रिकामी होईपर्यंत थांबल्याच्या आकाराची, चूक. आमच्या करारात रविवार मोजायचा नाही आणि उरलेल्या तासांपैकी पहिले २४ मोफत आहेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला, तो अपुरा असला तरी, १,५०० रुपये द्यायचे. एक गाडी शनिवारी संध्याकाळी ६ वाजता पोहोचली आणि सोमवारी दुपारी ४ वाजता रिकामी झाली. शनिवारचे ६ आणि सोमवारचे १६ मिळून २२ तास होतात, म्हणजे देणे शून्य. माझ्या पायऱ्यांत मात्र आधी २४ तास वजा करून मग रविवार वगळायचा होता. त्यामुळे मोफत तासांतले १८ रविवारीच खर्ची पडले, १६ तास जादा ठरले आणि १,५०० रुपये मंजूर झाले. उत्तराखाली मॉडेलने ‘करारातील कलमाचा क्रम वेगळा दिसतो’ अशी टीप दिली होती, पण पाळल्या माझ्याच पायऱ्या. ही चूक आमच्या दिवाणजींनी बोटांवर मोजून पकडली, हे कबूल करायला हवे.

मग मी दुसऱ्या टोकाला जाऊन नुसते ‘बिल तपासा’ असे लिहिले, तर त्याने रविवारही मोजला, कारण करारपत्र जोडायचेच राहिले होते. छाटायच्या असतात त्या पायऱ्या. अटी आणि कागद पूर्णच द्यावे लागतात. आता सूचना एवढीच आहे:

```
करारपत्र व बिल्टी सोबत आहेत. हॉल्टिंगची रक्कम तपासा.
रविवारचे तास मोजू नयेत; उरलेल्यांपैकी पहिले २४ मोफत.
उत्तरात: योग्य रक्कम, लागू कलम, फरकाचे कारण एका ओळीत.
```

उदाहरणेही काढली. २०२५ मध्ये आलेल्या डीपसीक-आर१ या रिझनिंग मॉडेलच्या शोधनिबंधातही उदाहरणे दिल्याने कामगिरी घसरते, असे नोंदवले आहे. गंमत अशी की त्याच मॉडेलच्या वापरसूचनेत गणितासाठी टप्प्याटप्प्याने विचार करायला सांगणारी ओळ सुचवलेली आहे. म्हणून मॉडेल बदलले की मी जुनी दहा बिले दोन्ही प्रकारे तपासून पाहतो आणि `reasoning_tokens` शेजारी लिहून ठेवतो. वाहतूकदारांना पत्रे लिहिण्यासाठी मात्र स्वस्त साधे मॉडेल आणि जुनी लांबलचक सूचनाच चालू आहे.