कार्डाचे शेवटचे चार आकडे दुकानाच्याच हेल्पडेस्कने सांगितले होते

माझ्या खरेदी-खात्याचा ईमेल परस्पर बदलून ३८,५०० रुपयांचा रिफंड लंपास झाला. माझ्याकडून कोणी ओटीपी घेतला नाही, पासवर्ड चोरला नाही, मला फोनही केला नाही. सगळे फोन दुकानाच्या हेल्पडेस्कला गेले. मी स्वतः अनेक वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये काम केलं आहे, म्हणून तक्रारीनंतर कॉलच्या नोंदी मागवून वाचल्या. ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनी आणि हेल्पडेस्कवर बसणाऱ्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मिक्सर घरी आला होता, फ्रिज यायचा होता. मिक्सरच्या खोक्यावरच्या लेबलवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर आणि ऑर्डर नंबर होता, आणि खोकं कचऱ्यात गेलं होतं. चोराचा पहिला फोन अगदी साधा होता: ‘बाकीचं सामान कधी येईल?’ ऑर्डर नंबर आणि पत्ता जुळला म्हणून तिथल्या मुलीने आपुलकीने सगळंच सांगितलं. फ्रिज शुक्रवारी येईल, ३८,५०० रुपये कार्डाने भरलेत, कार्डाचे शेवटचे चार आकडे हे, इन्व्हॉइस या ईमेलवर पाठवलं आहे.

दुसरा फोन दुसऱ्या मुलाने उचलला. ‘जुना ईमेल बंद पडलाय, नवा टाकून द्या.’ ओळख पटवायला त्याने तीन प्रश्न विचारले: जुना ईमेल, शेवटच्या ऑर्डरची रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे. तिन्ही उत्तरं पहिल्या फोनमध्ये त्यांच्याच माणसाने दिलेली होती. ईमेल बदलला. मग चोराने पासवर्ड रिसेट केला, फ्रिज रद्द केला आणि ‘कार्ड बंद आहे’ असं सांगून तिसऱ्या फोनवर रिफंड दुकानाच्या वॉलेटमध्ये मागितला. वॉलेटमधून गिफ्ट व्हाउचर घेतली. त्यांचे कोड अर्थातच नव्या ईमेलवर गेले. शुक्रवारी फ्रिज आला नाही तेव्हा मला हे कळलं.

ही युक्ती जुनी आहे. २०१२ मध्ये मॅट होनान या अमेरिकी पत्रकाराचं असंच झालं. ॲमेझॉनच्या खात्यातून मिळालेले कार्डाचे शेवटचे चार आकडे ॲपलच्या हेल्पलाइनवरच्या माणसाला पत्त्यासोबत ओळख म्हणून चालले, आणि त्याचा फोन, आयपॅड, लॅपटॉप दुरून पुसले गेले. एका ठिकाणी सहज दिसणारी माहिती दुसऱ्या ठिकाणी किल्ली म्हणून चालवली, की हे होणारच.

मला सर्वांत जास्त सलतं ते हे, की तिघांनीही नियम पाळले होते. नियमच असा होता, की चौकशीला ऑर्डर नंबर आणि पत्ता पुरे, आणि ईमेल बदलायला तेच तीन प्रश्न, ज्यांची उत्तरं चौकशीतच मिळतात. त्यामुळे तयारीने आलेला चोर सहज सुटतो. खरं तर ‘सामान कधी येईल’ याला ऑर्डर नंबर पुरे. फक्त उत्तरात रक्कम, ईमेल, कार्ड यांतलं काही सांगायचं नाही. कडक तपासणी दोनच ठिकाणी हवी: ईमेल किंवा मोबाइल बदलताना, आणि पैसे मूळ मार्गाऐवजी दुसरीकडे पाठवताना.

तिथेही प्रश्न वाढवायची गरज नाही. जन्मतारीख, आईचं नाव हे नातेवाइकांना आणि चोरांनाही माहीत असतं. ग्राहक ॲपमध्ये लॉगिन असेल तर तिथेच ‘हा बदल तुम्ही मागितला का?’ असा संदेश पाठवावा. एका टिचकीत काम होतं. नसेल तर फोन ठेवून नोंदवलेल्या नंबरवर आपण उलट फोन करावा. स्क्रीनवर ग्राहकाचा नंबर दिसला म्हणजे तोच बोलतोय असं नसतं, नंबर खोटा दाखवता येतो. ओटीपी मात्र तोंडी मागू नये, कारण त्यानेच लोकांना फोनवर ओटीपी सांगायची सवय लागते.

अवघड प्रसंग एकच: ज्याचा फोन आणि ईमेल दोन्ही खरंच गेले आहेत. त्याला नकार देता येत नाही आणि लगेच होकारही नाही. अशा वेळी बदलाची सूचना जुन्या ईमेलवर आणि मोबाइलवर पाठवून दोन-तीन दिवस थांबावं, तोवर खात्यातून रिफंड किंवा व्हाउचर निघू देऊ नये. माझ्या जुन्या ईमेलवर ‘तुमचा ईमेल बदलला’ एवढी एक ओळ आली असती तरी मी फ्रिज रद्द होण्याआधी धावले असते.

रिफंडचा मुद्दा तर आणखी सोपा. पेमेंट ॲग्रीगेटर, म्हणजे दुकानांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करायचे आहेत, ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरीकडे. ती संमती माझी नव्हती. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हाच मुद्दा लेखी पाठवला. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. पैसे माझ्या कार्डावर परत आले. व्हाउचर तोवर वापरून झाली होती, ती रक्कम दुकानाने सोसली.