घामाने गंजलेलं फिटनेस घड्याळ आणि त्याचा 'ॲनारोबिक'चा हट्ट

व्यायामासाठी म्हणून विकलेल्या घड्याळाच्या चार्जिंगच्या पिना घामाने गंजल्या तर ते वॉरंटीत बसत नाही. हे मला सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत, आणि मी बिल पुढे केल्यावर कागदावरची बारीक अक्षरं दाखवून सांगितलं. साडेनऊ हजार मोजलेत. घाम येऊ द्यायचा नव्हता तर मी भिंतीवरचं घड्याळ घेतलं असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून भांडण चालू आहे.

स्क्रीन, बॅटरी, जीपीएस याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, ते सगळं ठीक आहे. माझं डोकं फिरवलं ते एका शब्दाने. बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड चढून वर गेलो की हे घड्याळ दर वेळी सांगायचं, 'ॲनारोबिक १४ मिनिटं'. आणि दुकानात पोती उचलून कंबर मोडली त्या दिवशी सांगायचं, 'हलकी हालचाल'.

आता चौदा मिनिटं ॲनारोबिक, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या ऊर्जेवर, जोर लावणं कोणाच्या बापाला जमत नाही. स्नायू आकुंचन पावायला एटीपी हे पेशीतलं इंधन लागतं आणि त्याचा तयार साठा दोन-चार सेकंदांत संपतो. पुढे क्रिएटिन फॉस्फेट ते भरून देतं, पण जीव तोडून जोर लावला तर तेही साधारण दहा सेकंदांपुरतंच. मग स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता साखर फोडतो आणि त्यात लॅक्टेट तयार होतं. हे दोन्ही मार्ग ॲनारोबिक. ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी जाळायचा ॲरोबिक मार्ग तेव्हाही चालूच असतो, फक्त त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. पूर्ण ताकदीने सव्वा मिनिटाच्या आसपास धावलं की दोघांचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा होतो. त्यापुढे ॲरोबिकच वरचढ. वीस मिनिटांच्या चढावर जवळजवळ सगळी ऊर्जा ऑक्सिजनवरच येते, तुम्ही कितीही धापा टाका.

मग घड्याळ असं का म्हणतं? ते २२० मधून वय वजा करतं. माझं वय ४८, म्हणजे कमाल ठोके १७२, आणि त्याच्या ८० ते ९० टक्क्यांना, म्हणजे साधारण १३८ ते १५५ ला, त्याने 'ॲनारोबिक' अशी पाटी लावलीय. पाटी अगदीच हवेतली नाही. एका वेगाच्या वर लॅक्टेट जितकं निपटतं त्याहून जास्त साचायला लागतं आणि त्या टप्प्याला ॲनारोबिक थ्रेशोल्ड म्हणायची पद्धत आहे. पण त्याचा अर्थ ऑक्सिजनचं काम थांबलं असा नव्हे. शिवाय २२० चं सूत्र सरासरीचं आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज निघतो.

पोत्यांचं प्रकरण मी मुद्दाम तपासलं. आमच्याकडचे हमाल मामा बटाट्याचं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन लॉरीत टाकतात. घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. पोतं उचलून फळीवरून वर जाईपर्यंत काही सेकंदच लागले. पोतं खाली टाकलं तेव्हा आकडा ९६, आणि मामा बिडी शोधत उभे राहिल्यावर तो चढत ११८ वर गेला. "काम करतंय मी, आणि हे दमतंय नंतर, काय की ओ!" मामा म्हणाले. नेमकं तेच. हृदयाचे ठोके जोरामागून येतात, त्यामुळे दहा सेकंदांचं काम ठोक्यांत मावतच नाही. त्यात मूठ आवळली की मनगटावर ठोके मोजणाऱ्या हिरव्या दिव्याचं वाचन आणखी बिघडतं. म्हणजे खरं ॲनारोबिक काम याला दिसत नाही, आणि दिसतं त्याला हे भलतंच नाव देतं.

अपडेट: घड्याळ दुरुस्तीला गेलं तेव्हा ठोके मोजणारा, तीन हजारांच्या आतला छातीचा पट्टा घेतला, मोबाईलला जोडला, आणि माझं मत बरंच बदललं. गडाच्या शेवटच्या वळणावर अंगातला सगळा जोर काढून पळालो तेव्हा १८४ दिसले. घड्याळ परत आल्यावर (पिना घासून दिल्या, आणि पैसे घेतलेच) सेटिंगमध्ये कमाल १७२ काढून १८४ टाकले. तीच पाटी आता १४७ ला सुरू होते आणि रोजच्या चढातले बरेच ठोके तिच्याखाली राहतात. हे सेटिंग बदला, निम्मा त्रास कमी होईल. पट्ट्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करा, नाहीतर पहिली काही मिनिटं आकडे बेडकासारखे उडतात.

खऱ्या ॲनारोबिकसाठी मी आता घड्याळातलं फक्त स्टॉपवॉच वापरतो. गडाच्या रस्त्याला चढावर विजेचे दोन खांब धरलेत. खालच्यापासून वरच्यापर्यंत जीव तोडून पळायला बारा सेकंद लागतात. मग तीन मिनिटं सावकाश चालायचं. क्रिएटिन फॉस्फेट अर्धं भरायला साधारण अर्धा मिनिट आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात, म्हणून ही विश्रांती. घाई करून तीस सेकंदांतच पुन्हा सुटलात तर प्रत्येक फेरीत ऑक्सिजनचा वाटा वाढत जातो, वेग पडतो, आणि स्प्रिंटच्या नावाखाली दमवणारी जॉगिंग होते. बाराचे तेरा झाले तर चालतं. पंधरा दिसले की त्या दिवसाचं दुकान बंद.

दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्याचं खापर लॅक्टेटवर फोडू नका. ते तासाभरात निपटतं, हृदय तर त्याचं इंधनच करतं. मांड्या धरतात त्या गड उतरताना, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते.

शरीरात काय बदललं? सावकाश चढण्याचा परिणाम घड्याळाने छान दाखवला, तिथे त्याला पूर्ण मार्क. रात्री झोपेतले ठोके ७० च्या आसपास असायचे, ते हळूहळू ६० च्या जवळ आले. प्रत्येक ठोक्याला हृदय जास्त रक्त ढकलायला लागलं की ठोके कमी लागतात. स्नायूंत केशवाहिन्या आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात ते मात्र कोणत्याही स्क्रीनवर दिसत नाही. ते कळतं चढावर पूर्ण वाक्य बोलता येतं का यावरून. पळण्याचा आणि पोती उचलण्याचा फायदा वेगळा. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते पण मांडी जाड होत नाही, कारण मज्जातंतू आधी जास्त तंतू कामाला लावायला शिकतात. वेगवान तंतू जाड होतात ते नंतर. मला ते पँट मांडीत घट्ट झाल्यावर कळलं, घड्याळाला अजून पत्ता नाही.

मेहुण्याने विचारलं, सासऱ्यांसाठी घेऊ का? त्यांना बीपीची मेटोप्रोलॉल चालू आहे. ती गोळी ठोके फारसे वर चढू देत नाही, त्यामुळे ते घामाघूम झाले तरी घड्याळ 'हलकी हालचाल'च म्हणेल. त्यांच्यासाठी नकोच. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरताना शेजारच्याशी बोलता येतंय ना, एवढं बघितलं तरी पुरे. वजन उचलायचं म्हणाले तर आधी डॉक्टरांना विचारा आणि श्वास कोंडून जोर लावू देऊ नका, त्याने बीपी एकदम चढतं.

तुम्हाला घ्यायचंच असेल तर आधी पट्टा घ्या. घड्याळ दिवाळी सेलमध्ये बघा.