शाळेच्या सुट्टीचा मेसेज: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

मुंबईतल्या आमच्या शाळेने २०२५ च्या उन्हाळ्यात सुट्टी आणि वेळबदल कळवायची पद्धत बदलली. पूर्वी ग्रुपवर परिपत्रकाचा तिरका फोटो यायचा. आता ठरलेल्या क्रमाचा छोटा मजकूर येतो: वार आणि तारीख, कोणतं सत्र, काय ठरलं, कोणाच्या आदेशाने, आणि पुढचा मेसेज कधी. माझी थोरली दुपारच्या सत्रात आणि धाकटा सकाळच्या, त्यामुळे मला हा क्रम रोजच्या कामाचा आहे.

खरा कस लागला सोमवारी, १८ ऑगस्टला. महापालिकेने १२ नंतर भरणाऱ्या शाळांना सुट्टी दिली, तेव्हा धाकटा वर्गात बसलेला होता. नुसतं 'आज शाळेला सुट्टी' असं आलं असतं, तर सकाळच्या मुलांचे पालकही त्या पावसात धावत निघाले असते. मेसेजमध्ये दोन ओळी वेगळ्या होत्या: 'दुपारचं सत्र: सुट्टी. सकाळचं सत्र: मुलं वर्गात आहेत, न्यायला कोणी येईपर्यंत बाई सोबत थांबतील.' थोरलीला घरीच ठेवलं आणि पावसाचा जोर जरा ओसरल्यावर धाकट्याला आणायला निघालो. १९ तारखेला सगळ्याच शाळा बंद होत्या. तोही मेसेज तारखेसकट आला, म्हणून सासूबाईंना कोणी 'उद्या सुट्टी' असं पुढे ढकललं तरी ते उद्या कोणतं, हा घोळ झाला नाही.

आदेश कोणाचा, ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे सुट्टी नव्हे. तो पावसाचा इशारा असतो. सुट्टी जिल्हाधिकारी देतात, मुंबईत महापालिका. अलर्टचा रंगीत नकाशा ग्रुपवर पडला की आमच्याकडे लगेच 'मग पाठवायचं नाही ना?' सुरू व्हायचं. आता त्या ओळीची वाट पाहतात.

उन्हाळ्यात मात्र हाच साचा अपुरा पडला. मार्च २०२५ च्या शेवटी राज्याने शाळा सकाळी भरवायला सांगितल्या, प्राथमिक ७ ते ११.१५ आणि माध्यमिक ७ ते ११.४५. आमच्या मेसेजमध्ये वेळ अचूक होती, पण व्हॅन कधी येणार ते नव्हतं. आमच्या व्हॅनवाल्या काकांकडे आणखी एका शाळेची मुलं आहेत आणि दोन्ही शाळा जवळपास एकाच वेळी सुटू लागल्या. त्यामुळे पहिले काही दिवस मुलं भर उन्हात फाटकाशी उभी राहिली. पावसातल्या सुट्टीला व्हॅनचा प्रश्न संपतो, वेळबदलात तो तिथूनच सुरू होतो. आम्ही काही पालकांनी मागणी केल्यावर 'व्हॅन व बस' अशी ओळ जोडली आहे.

राहिलेली एक तक्रार एसएमएसची. मुसळधार पावसात तो व्हॉट्सअ‍ॅपच्या बराच मागून येतो, आणि साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांची सगळी भिस्त त्याच्यावरच असते. त्यांच्यासाठी वर्गशिक्षिकेने थेट फोन करावा, एवढं शाळेला लिहून दिलं आहे.