लीज की खरेदी: करोत्तर व्याजदराची पद्धत काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

लीज आणि खरेदी यांची तुलना करायची तर दोन्हींकडचा कर वजा जाता होणारा खर्च मांडायचा आणि तो कर्जाच्या करोत्तर व्याजदराने आजच्या मूल्यात आणायचा, एवढीच ही पद्धत आहे. बरेच महिने लीजचा प्रत्येक प्रस्ताव याच चाळणीतून काढल्यावर एक मत पक्कं झालं आहे: हिशेब सोपा आहे, पण दर चुकला तर उत्तर नुसतं हलत नाही, उलटं होतं.

एक यंत्र घेऊ. किंमत १,०००. चलन आणि पुढची शून्यं आपापली लावावीत. आयुष्य ५ वर्षं, घसारा दरवर्षी सारखा २००, कराचा दर ३०%. कर्ज १०% ने मिळतं, म्हणजे करोत्तर दर ७%. पाच वर्षांनी यंत्र १०० ला विकलं जाईल आणि त्यावर कर जाऊन ७० उरतील. लीजवर घेतलं तर वर्षाला २२८ भाडं, पाच हप्ते, प्रत्येक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला. भाड्यावरची करबचत मात्र वर्षअखेरीस पदरात पडते. देखभाल दोन्हींकडे आपल्याच माथी, म्हणून ती हिशेबातून बाहेर.

खरेदीत आज १,००० जातात. घसाऱ्यामुळे दरवर्षी ६० कर वाचतो, त्याचं ७% ने वर्तमान मूल्य २४६. शेवटचे ७० अनिश्चित असल्याने ते १२% ने आणले, तर ३९.७. खरेदीचा निव्वळ खर्च ७१४.३. लीजमध्ये भाड्याचं वर्तमान मूल्य १,०००.३, त्यातून करबचतीचे २८०.५ वजा केले की उरतात ७१९.८. खरेदी ५.५ ने स्वस्त.

आता हेच आकडे १०% ने, म्हणजे कर न वजा केलेल्या व्याजदराने करून बघा. खरेदी ७३२.८, लीज ६९१.४. लीज ४१ ने स्वस्त! कंपनीचा सरासरी भांडवली खर्च म्हणून १२% लावला तर फरक ७० वर जातो. कारण उघड आहे. खरेदीचा मोठा आकडा आजच जातो, त्यावर दराचा परिणामच होत नाही. लीजचं ओझं पुढच्या वर्षांत पसरलेलं असतं, दर चढवला की ते हलकं दिसतं. लीज कंपनीचा विक्रेता ‘तुमच्या कंपनीचा परताव्याचा दर लावून बघा’ असं म्हणाला, तर कान टवकारावेत.

पण ७% च का? भाड्याचा करार हे बांधील देणं आहे, कर्जाच्या हप्त्यासारखंच. लीज केली की तेवढी कर्ज उचलण्याची ताकद खर्ची पडते. हे पटत नसणाऱ्यांसमोर सूत्र ठेवू नये, कर्जाचा तक्ता ठेवावा. लीज घेतल्यास खरेदीच्या तुलनेत आज ७७२ हातात राहतात (१,००० वाचले, २२८ गेले). पुढची चार वर्षं दरवर्षी २१९.६ जास्त जातात: २२८ भाडं, अधिक हुकलेली घसाऱ्याची ६० करबचत, वजा भाड्यावरची ६८.४ करबचत. पाचव्या वर्षअखेरीस ८.४ परत येतात.

आता बँकेकडून १०% ने ७३७.८ कर्ज घेतलं असं समजा. पहिल्या वर्षी व्याज ७३.८, त्यावर करबचत २२.१, म्हणजे निव्वळ व्याज ५१.६. २१९.६ भरल्यावर शिल्लक ५६९.९. असंच पुढे नेलं की ३९०.२, मग १९७.९. चौथ्या वर्षी कर्ज फिटून ७.९ उरतात आणि करोत्तर ७% ने ते पाचव्या वर्षी ८.४ होतात. म्हणजे तेवढ्याच हप्त्यांत बँक ७३७.८ देते, लीज ७७२ देते. लीजचा फायदा ३४.२. पण लीजमध्ये यंत्र शेवटी आपलं राहत नाही, ते ३९.७ गेले. वजा ५.५, तोच आकडा.

एक्सेलमध्ये एवढं पुरतं:

```
B2: =772+NPV(7%,-219.6,-219.6,-219.6,-219.6,8.4)
B3: =-70/1.12^5
B4: =B2+B3
```

आजची रक्कम `NPV` च्या कंसाबाहेर ठेवायची, कारण हे फंक्शन पहिल्या आकड्यालाही एक वर्ष मागे आणतं. त्याहून महागात पडतं ते हप्त्यांच्या तारखा न बघणं. वर्षाच्या सुरुवातीचं भाडं अखेरीला धरलं, तर लीजचा खर्च ६५४.४ दिसतो आणि लीज ६० ने जिंकते. भाड्याचा आकडा कोटेशनच्या पहिल्या पानावर असतो, देण्याची तारीख करारात आत कुठेतरी. आधी तीच शोधावी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे खरेदीच्या बाजूला व्याजावरची करबचत वेगळी मांडून वर ७% ही लावणं. तो फायदा १० चे ७ करतानाच घेऊन झालेला असतो, तो दोनदा मोजला की खरेदी फुकाची स्वस्त वाटते.

या पद्धतीची खरी उणीव यंत्र विकून उरणाऱ्या ७० च्या आकड्यात आहे. बाकी सगळं करारात किंवा करनियमांत लिहिलेलं असतं, हा एकच अंदाज. म्हणून तो भरून उत्तर काढण्यापेक्षा उलटं जाणं जास्त उपयोगी ठरतं. ३४.२ भरून काढायला पाच वर्षांनी किती हवेत? १२% ने ६०.३, म्हणजे कर धरून विक्रीची किंमत साधारण ८६. मग यंत्र चालवणाऱ्यांना ‘किती येतील’ असं विचारायचं नाही, ‘८६ च्या वर नक्की येतील का’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला लोक हवेत आकडा सांगतात, दुसऱ्याला विचार करून उत्तर देतात. १२ च्या जागी कोणता दर, यावर वाद घालण्यात मात्र वेळ दवडू नये. १० धरला तर सीमा ७९ होते, बस.

लीजमुळे ताळेबंदावर कर्ज दिसत नाही, हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. आयएफआरएस १६ हे लीजचं आंतरराष्ट्रीय लेखामानक लागू असणाऱ्यांसाठी २०१९ पासून त्यात फारसा दम नाही, अल्पमुदतीची आणि किरकोळ किमतीची लीज सोडली तर. मध्येच सोडता येणाऱ्या लीजला मात्र ही पद्धत लावू नये. तिथे पुढची भाडी बांधील देणं नसतात, आणि सोडून देण्याच्या मुभेची किंमत या तक्त्यात कुठेच बसत नाही.

तोट्यातल्या कंपनीबाबतही सावध राहावं. पहिली दोन वर्षं कर भरायचाच नसेल, तर त्या वर्षांचा दर ७ नव्हे, १० च्या जवळ जातो, आणि घसारा व भाड्याची करबचत पुढच्या वर्षांत सरकते. एकच दर सगळ्या रकान्यांना लावून भागत नाही. अशा वेळी `NPV` बाजूला ठेवून वरचा कर्जाचा तक्ता वर्षागणिक भरावा: व्याज पूर्ण १०% ने, आणि त्यावरची करबचत ज्या वर्षी खरोखर मिळणार त्याच वर्षाच्या ओळीत. सुरुवातीचं कर्ज बदलत राहायचं, शेवटची शिल्लक शून्य होईपर्यंत. एक्सेलचं गोल सीक हे झटक्यात करतं.