बुधवारी एकदाच बाजार की बुधवार-रविवार दोनदा? उपवास असलेल्या घरासाठी तुलना

नाशिकमध्ये बऱ्याच घरांचा आठवडा बुधवारी सुरू होतो, कारण गंगाघाटावरचा बुधवार बाजार. प्रश्न पडतो तो उपवासाच्या घरांना: आठवड्याची सगळी भाजी त्याच दिवशी भरायची, की निम्मी ठेवून रविवारी पुन्हा जायचं? उत्तर ठरतं ते घरात उपवास कोणत्या वारी येतो यावर. भाजीचा भाव त्यानंतर बघायचा.

एक घर धरू. माणसं पाच, त्यांत आजी आणि आई गुरुवार धरतात. आजीची एकादशीही असते आणि संकष्टी सगळ्यांची. या घराला साध्या दिवशी दुपारच्या सुक्या भाजीला अर्धा ते पाऊण किलो भाजी लागते. रात्री वरण, पिठलं किंवा उसळ असली की भाजी थोडी कमी चालते. गुरुवारी मात्र जेवणारे तिघेच उरतात, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पुरते. बाजार भरला बुधवारी आणि दुसऱ्याच दिवशी निम्मं घर उपवासाला, अशी ही अडचण आहे.

एकदाच भरलं तर

मेथी-पालकाच्या दोन जुड्या घेतल्या जातात. एक बुधवारी रात्री संपते. दुसरी गुरुवारी तिघांना जास्त होते म्हणून शुक्रवारवर ढकलली जाते आणि तोवर पानं पिवळी पडलेली असतात. म्हणून एकदाच भरणाऱ्यांनी पालेभाजीची एकच जुडी घ्यावी आणि त्याच रात्री करावी. पुढचा क्रम नाशवंतपणाने लावावा: गुरुवारी तिघांपुरती गवार, शुक्रवारी भेंडी, शनिवारी गिलके, रविवारी फ्लॉवर, सोमवारी कोबी, मंगळवारी दुधी किंवा मटकीची उसळ. दुधी अख्खा ठेवला तर आठवडाभर तग धरतो, चिरला की दोन दिवसांत चिकट होतो. मटकी रविवारी रात्री भिजवून सोमवारी सकाळी फडक्यात बांधली की मंगळवारी मोड तयार. ही उसळ उरली तर बुधवारी सकाळी तर्री घालून मिसळ होते आणि फ्रीज मोकळा करून बाजाराला जाता येतं.

दोनदा भरलं तर

बुधवारी पालेभाजीची एक जुडी, गवार, भेंडी आणि दोन किलो बटाटे. बाकीचं, कोथिंबिरीसकट, रविवारी. भाजी ताजी राहते, हा फायदा खराच. पण इथे फसगत दुसरीकडून होते: शनिवारचं उरलेलं डब्यात असतानाच रविवारची नवी भाजी येते आणि जुना डबा मागे सरकतो. रविवारची यादी फ्रीज उघडून, त्याच्यासमोर उभं राहून करावी. शनिवारची रात्र उरल्यासुरल्याची ठेवावी, म्हणजे फोडणीचा भात, फोडणीची पोळी आणि सोबत ताक.

| | एकदाच, बुधवारी | बुधवार + रविवार |
|---|---|---|
| गुरुवारचा उपवास | पालेभाजी वाया जाण्याची भीती | सोयीचं |
| सोमवारचा उपवास | सोयीचं | रविवारची भाजी पडून राहते |
| उरलेलं संपवण्याचा वार | मंगळवार रात्र, बुधवार सकाळ | मंगळवार रात्र आणि शनिवार रात्र |

सोमवार धरणाऱ्यांना एकदाच भरणं का जमतं? तोवर ताजी भाजी संपत आलेली असते आणि उपवासाला लागणारं सामान, म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाणे, बटाटे, टिकाऊ असतं. म्हणजे ज्या दिवशी भाजी कमी त्याच दिवशी तिची गरजही कमी. गुरुवारच्या घराने मात्र रविवारची फेरी ठेवावीच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उरलेलं एकाच दिशेने जातं

उपवासाचं उरलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चालतं, पण आदल्या दिवशीचं उरलेलं उपवासाला चालत नाही. कुकरला लावलेले बटाटे म्हणून हळद-मोहरी लागण्याआधीच वेगळे काढायचे. बुधवारी रात्री दहा मध्यम बटाटे उकडा. चार गुरुवारच्या उपवासाचे, जिरं-मिरची आणि दाण्याच्या कुटाच्या भाजीसाठी. सहा सालीसकट झाकून फ्रीजमध्ये. उपवासाची भाजी उरली तर शुक्रवारी त्या सहांतले दोन कुस्करून तिच्यात मिसळायचे, मग हळद आणि कांदा घालून डब्याचे पराठे. राहिलेले चार शुक्रवारी रात्रीच्या रश्श्याला. जिरं, कोथिंबीर, काकडी चालते की नाही याचे नियम घरोघरी वेगळे आहेत, तेवढं आजीला विचारून यादी करावी.

साबुदाण्याच्या खिचडीचं उरणं सगळ्यांत वाईट. थंड झाली की दाणा कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी दुधाचा हबका मारून वाफ दिली तरी पहिली चव येत नाही. त्यापेक्षा शिजवणं कमी ठेवा, भिजवणं जास्त. दोन वाट्या साबुदाणा दोनदा धुऊन निथळा आणि दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी ठेवून रात्रभर झाका. सकाळी दाणा दोन बोटांत दाबून पाहा. मध्ये कणी लागली तर पाण्याचा हबका देऊन अर्धा तास थांबा. तळाशी पाणी दिसलं तर चाळणीवर निथळा, नाहीतर खिचडीचा गोळा होतो. दोघींना एका वाटीचा भिजवलेला भाग पुरतो, त्याला अर्धी ते पाऊण वाटी कूट. कूट आणि मीठ कढईत टाकण्याआधीच दाण्यांना चोळा, जास्तीचा ओलावा ते शोषतं. दुसरा भाग तसाच कोरडा, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी उकडलेला बटाटा घालून त्याची थालीपीठं किंवा वडे सगळ्यांसाठी. आंबूस वास आला किंवा दाण्याला तार सुटली तर टाकून द्यायचा.

भगर मात्र बंद पाकिटातली, लागेल तेवढीच घ्यावी आणि तिचं पीठ करून साठवू नये. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होते. पावसाळ्यात तर हे नक्की पाळावं.

संकष्टी आणि एकादशी यादीत वेगवेगळ्या

संकष्टी चंद्रोदयाला सुटते, म्हणजे त्या रात्री पूर्ण स्वयंपाक: वरण, भात, भाजी, जमलं तर मोदक. एकादशी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटते, म्हणून तिला फराळ दोन वेळचा आणि ताजा स्वयंपाक द्वादशीला. संकष्टीनंतरची वद्य एकादशी बहुधा आठवड्याने त्याच वारी किंवा एक दिवस पुढे येते. संकष्टी मंगळवारी आली असेल तर पुढच्या मंगळवार-बुधवारची भाजी भरण्याआधी कॅलेंडर बघायचं.

संकष्टीच्या रात्री जेवायला उशीर होतो, भूक मोठी वाटते आणि भात हमखास जास्त लागतो. पाच जणांना दोन वाट्या तांदूळ पुरे. तरी उरलाच तर पातेल्यात ओट्यावर ठेवून झोपू नका. ताटात पसरून वाफ जाऊ द्या, तासाभरात डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फोडणी देताना एकदाच, पुरता गरम करा, पुन्हा उरवून संध्याकाळी काढू नका.