उजवीकडे झुकवलेलं एक्स्पोजर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सहा महिने जवळपास सगळं रॉमध्ये आणि ‘एक्स्पोज टू द राइट’ पद्धतीनं, म्हणजे हायलाइट जळू न देता हिस्टोग्राम शक्य तितका उजवीकडे नेऊन, काढल्यावरचं मत आधीच सांगतो. बेस आयएसओ आणि ट्रायपॉड असेल तर शॅडो खरोखर स्वच्छ मिळतात. पण कॅमेऱ्याच्या मागच्या हिस्टोग्रामवर विसंबून ही पद्धत वापरली, तर कधी निम्मा फायदा हातचा जातो, तर कधी ढग जळतात.

फायदा कुठून येतो, हे नीट समजून घ्यायला हवं. उजव्या टोकाच्या स्टॉपमध्ये जास्त टोन साठवले जातात, हे कारण नेहमी दिलं जातं. खरं कारण साधं आहे: सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो. प्रकाश दुप्पट झाला की त्याच्या स्वतःच्या चढउतारातून येणारा नॉइज सुमारे १.४ पटच वाढतो, म्हणजे सिग्नल नॉइजच्या तुलनेत तेवढाच वर येतो. म्हणूनच नुसता आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे ढकलण्यात फारसा अर्थ नाही. त्यानं प्रकाशाचा एक कणही वाढत नाही, उलट हायलाइटची जागा मात्र कमी होते. वाढवायचं ते शटर उघडं राहण्याचा वेळ किंवा अ‍ॅपर्चर.

आता हिस्टोग्रामची गोष्ट. कॅमेरा दाखवतो तो रॉचा नसतो, जेपीईजीचा असतो. त्यात व्हाइट बॅलन्स आणि पिक्चर स्टाइलचा कॉन्ट्रास्ट आधीच मिसळलेला असतो. त्यामुळे स्क्रीनवर ढग ‘जळल्याची’ पट्टी लुकलुकते, तेव्हा रॉमध्ये बऱ्याचदा अजून जागा शिल्लक असते. ती किती, हे आपल्याच कॅमेऱ्यावर मोजावं लागतं. दिवसाच्या एकसारख्या उजेडातली पांढरी भिंत फ्रेमभर घ्या, फोकस मुद्दाम घालवा आणि आयएसओ व अ‍ॅपर्चर कायम ठेवून मीटरच्या शून्यापासून एकतृतीयांश स्टॉपच्या पायऱ्यांनी चार स्टॉप वर जा. कोणत्या फ्रेमला पहिल्यांदा इशारा आला ते टिपून ठेवा. मग RawDigger सारख्या, रॉचाच हिस्टोग्राम दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पहिला चॅनल कोणत्या फ्रेमला हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाला टेकतो ते पाहा. दिवसाच्या उजेडात तो बहुधा हिरवा असतो. या दोन फ्रेममधला फरक ही तुमची शिल्लक जागा. पिक्चर स्टाइल बदलली की हा आकडाही बदलतो, म्हणून कमी कॉन्ट्रास्टची एकच स्टाइल कायम ठेवावी.

समजा शिल्लक एक स्टॉप निघाली. समोर सावलीतला काळा कडा आणि वर पांढरे ढग आहेत. आयएसओ १००, एफ/८. मीटर १/२५० सांगतो. १/१६० ला ढगाची कड लुकलुकायला लागते. इथून पूर्ण स्टॉप न घेता दोनतृतीयांश घ्यायचा, म्हणजे १/१००. मीटरच्या मानानं हा अडीच पट प्रकाश झाला. स्क्रीनवर फोटो फिकट, धुतल्यासारखा दिसेल, त्याला घाबरू नये. रॉ कन्व्हर्टरमध्ये एक्स्पोजर −१.३३ केलं की तो जागेवर येतो. आता कड्याच्या भेगा उचला: जिथे एरवी रंगीत ठिपके आणि चिखलट तपकिरी छटा येते, तिथे दगडाचा पोत दिसतो. वाऱ्यानं झाडं हलत असतील तर मात्र १/१०० ला पानं पुसट होतील. तेव्हा नॉइज पत्करलेला बरा.

सेन्सर फिल्मसारखा हळूहळू हार मानत नाही. भरला की भरला. हिरवा चॅनल अडकला आणि लाल-निळा चालू राहिला, की व्हाइट बॅलन्सच्या गुणाकारानंतर ढगात किरमिजी झाक उमटते. कन्व्हर्टर ती झाकायला त्या भागाचा रंग काढून घेतो. ओळखायची खूण अशी: एक्स्पोजर दोन स्टॉप खाली ओढा. ढगात पोत उमटला तर माहिती शाबूत आहे. सपाट राखाडी डाग दिसला तर ती गेली, आणि हायलाइट स्लायडर तिथे काहीही परत आणू शकत नाही.

सर्वांत जास्त फसगत सूर्यास्ताला होते. सूर्याभोवती लाल चॅनल आधी भरू शकतो, आणि मग केशरी रंग पिवळा पडून त्याचं कडक काठाचं वलय तयार होतं. तिथे मी मोजलेली शिल्लक जागा अजिबात वापरत नाही. इशारा दिसला की एकतृतीयांश स्टॉप खालीच उतरतो. सूर्याचं बिंब आणि पाण्यावरची चमक जळू द्यावी. त्यांत जपण्यासारखं काही नसतं, आणि ती वाचवायला गेलं तर बाकीची फ्रेम अंधारात जाते. कपाळावरची चमक मात्र वेगळी. तिथला एक चॅनल जरी अडकला तरी त्वचा मेणासारखी दिसते, म्हणून माणसांच्या फोटोंत ही पद्धत मी जवळजवळ सोडून दिली आहे.

ढग आणि कडा एका फ्रेममध्ये मावतच नसतील, तर ढगांसाठी एक आणि त्याहून दोन स्टॉप वर कड्यासाठी दुसरी, अशा दोन फ्रेम घेऊन जोडतो.