राउटर कपाटातून पॅसेजमध्ये आणला, त्याला नऊ महिने झाले

आमचं घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन बेडरूमचा लांबोळका फ्लॅट: दारातून आत आलं की हॉल, मग स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि सगळ्यात शेवटी आई-बाबांची खोली. फायबरवाल्याने जोडणी दिली तेव्हा त्याचा वायफायही देणारा डबा हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या आत, टीव्हीच्या मागे बसवला. वायर दिसत नाही म्हणून आई खूश. प्लॅन २०० एमबीपीएसचा. बाबांच्या खोलीत मिळायचे सहा ते नऊ. रात्री मालिकेत कोणाचं तरी गुपित फुटणार, तेवढ्यात ते गोल गोल फिरणारं चक्र यायचं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर उत्तर ठरलेलं. ‘सर, प्लॅन वाढवून घ्या.’ मी वाढवणारही होतो. त्याआधी ऑफिसातल्या एका मित्राने सांगितलं, लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोड आणि मग स्पीड बघ. २०५ आला. म्हणजे इंटरनेट घरात पूर्ण येत होतं, मरत होतं ते हॉल आणि बेडरूमच्या मधे. ५०० चा प्लॅन घेतला असता तरी बाबांना आठच मिळाले असते.

माझी पहिली चूक म्हणजे रिपीटर. बाराशे रुपयांचा घेतला आणि बाबांच्या खोलीतच प्लगला लावला. मोबाइलवर कांड्या फुल, स्पीड तोच. रिपीटर स्वतः काही निर्माण करत नाही, त्याला जे ऐकू येतं तेच पुढे सांगतो. त्याला बसवला होता मी जिथे मुळात काही ऐकूच येत नाही तिथे. पॅसेजमध्ये मधोमध लावल्यावर २२ पर्यंत गेला, त्यापुढे नाही. या स्वस्त रिपीटरला ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ असतो. प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि निम्मा वेळ त्यातच जातो. तो आता माळ्यावर आहे, कोणाला हवा असेल तर घेऊन जा.

मग वायफाय अ‍ॅनलायझरचं फुकट अ‍ॅप टाकलं आणि घरभर फिरलो. सिग्नल उणे आकड्यात दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, आणि दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते. हॉलमध्ये -३८, बाबांच्या पलंगावर -७९. माझ्या अनुभवात व्हिडिओ नीट चालायला -६७ च्या आसपास लागतो. -८० ला फोन जोडलेला दिसतो, पण चालत काही नाही.

टीव्ही युनिटची दारं उघडी ठेवून पाहिली, पाच आकडे सुधारले. टीव्हीच्या मागचा पत्रा तरीही आडवा होताच. खरा घोळ पुढे होता. डब्यापासून पलंगापर्यंत मनातल्या मनात सरळ रेघ ओढली, तर ती फ्रिजमधून आणि बाथरूमच्या टाइल लावलेल्या दोन भिंतींमधून जात होती, तीही तिरकी. नऊ इंची भिंत तिरकी कापली की लाटेला ती फूट-दीड फुटाची पडते. त्यात लोखंडी पाइप. पॅसेजच्या तोंडाशी, बुटांच्या कपाटाच्या वर, साडेसहा फुटांवर राउटर ठेवला असता तर मधे एकच साधी भिंत आणि एक लाकडी दार.

फायबरची तार मुळातच तोकडी, आणि तिला करकचून वळवली तर प्रकाश गळतो. म्हणून डबा जागेवरच राहू दिला. त्याच्यापासून पॅसेजपर्यंत दहा मीटर केबल टाकली आणि तिथे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडचा मध्यम किमतीचा राउटर बसवला. त्याला `Access Point Mode` वर टाकलं, म्हणजे प्रत्येक फोन-लॅपटॉपला नेटवर्कचा पत्ता द्यायचं काम डब्याकडेच राहतं आणि राउटर फक्त वायफाय पसरवतो. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं, नाहीतर फोन सवयीने जुन्यालाच चिकटून बसतात. सेटिंगचं पान `192.168.1.1` वर उघडतं. काही कंपन्यांचा पत्ता वेगळा असतो, तो डब्याच्या बुडाला छापलेला असतो.

पहिल्याच दिवशी राउटरशेजारी उभं राहूनही ९४ च्या वर जाईना. हा आकडा लक्षात ठेवा. ९४-९५ ला स्पीड थबकला तर वायफायला दोष देऊ नका, केबल पाहा. केबलमध्ये आठ तारा असतात. कनेक्टर दाबताना त्यातली एक जरी बसली नाही, तरी जोडणी शंभरावर उतरू शकते. इलेक्ट्रिशियनने एक टोक कापून पुन्हा दाबलं आणि १९८ झाले.

अँटेनांचंही सांगतो. मी त्या चारही बाबांच्या खोलीकडे बंदुकीसारख्या रोखून ठेवल्या होत्या. उलट असतं. दांडीत मेदूवडा ओवलाय असं समजा. दांडी अँटेना, वडा सिग्नल. टोकाच्या दिशेला जवळजवळ काही नाही. एका मजल्याचं घर असेल तर उभ्या ठेवाव्यात.

जागा बदलल्यावर पलंगावर २.४ गिगाहर्ट्झला -६१ दिसायला लागलं. अठरा आकडे म्हणजे साठपट ताकद. तरी स्पीड बाराच! इथे शेजारी आले. अ‍ॅपमध्ये आजूबाजूची एकोणीस नेटवर्क दिसत होती. या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. वेग कमी होतो, पण शिस्त असते. कोणी ३ किंवा ८ वर बसला की त्याचं बोलणं शेजाऱ्यांना कळत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. आमचा राउटर `Auto` वर राहून ८ वर बसला होता आणि चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ, म्हणजे अर्ध्याहून जास्त रस्ता अडवून. रुंदी २० केली, चॅनेल ११ वर पक्का केला. रुंदी कमी केल्यावर स्पीड वाढतो हे आधी पटत नाही. बारा होते ते ३४ झाले.

खरी मजा ५ गिगाहर्ट्झची. ती लाट भिंतीला लवकर दमते, म्हणून शेजाऱ्यांचीही आपल्याकडे फारशी पोचत नाही. पलंगावर -६६, स्पीड १२० च्या आसपास. दोन्ही बँडना एकच नाव होतं तेव्हा बाबांचा फोन कायम २.४ ला चिकटायचा. नावं वेगळी केली. फोन आणि टीव्ही पाचवर, स्मार्ट बल्ब २.४ वर, कारण त्याला दुसरा बँड येतच नाही. आई मायक्रोवेव्ह लावायची तेव्हा स्वयंपाकघरात व्हिडिओ अडकायचा. दोघांची लाट एकच, २.४ ची. तीही कटकट त्यामुळे गेली.

नऊ महिन्यांत दोनदा त्रास झाला. एकदा पॉवर बॅकअपची बॅटरी दगावली, वीज गेली-आली आणि राउटर दर वेळी पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटं घ्यायचा. दुसऱ्यांदा रात्री नऊनंतर सगळीकडे स्पीड पडायला लागला. पुन्हा केबल लावून पाहिलं, तर तिथेही साठच. तो दोष कंपनीकडचा होता, पॅसेजमधला राउटर त्याला काय करणार? केबलवरच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट चार रात्री वेळेसकट पाठवले, तेव्हा माणूस आला आणि बाहेरचा जोड बदलून गेला.

मागची सुकवायची बाल्कनी अजून कोरडीच आहे, -८३. तिथे बाबा सकाळी बातम्या ऐकतात, मोबाइल डेटावर. तिकडेही केबल ओढू का म्हटलं, तर म्हणाले, ‘नको रे, भिंतीला आणखी एक भोक पाडशील.’